माणमधली शाळा: छपरं, माळ आणि पावसाचा हिशेब

११ एप्रिल

काम ठरलं. माण तालुक्यातल्या एका गावची शाळा, २२० मुलं, सध्या टँकरवर. प्रश्न दोन आहेत. छपरांवरून पिण्यासाठी आणि पोषण आहारासाठी किती पाणी मिळेल? आणि शाळेमागच्या माळावरून खालच्या जुन्या शेततळ्यात किती उतरेल?

सूत्र चौथीच्या पोरालाही येईल असं आहे: क्षेत्रफळ गुणिले पाऊस गुणिले अपधाव गुणांक, म्हणजे पडलेल्या पावसातला जेवढा हिस्सा वाहून हाती येतो तो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर. तीन आकड्यांचा गुणाकार, पण तिन्ही आकडे सारख्या भरवशाचे नसतात. क्षेत्रफळ नकाशावर पाहिजे तेवढं बारीक मोजता येतं, पाऊस जुन्या नोंदींवरून धरता येतो. गुणांक मात्र पुस्तकातून उचलला जातो आणि बहुतेक अहवालांत त्याच्याकडे पुन्हा कोणी बघत नाही.

मुख्याध्यापिका बाईंनी मागच्या एका कामातला तक्ता दिला. त्यात जुन्या कौलारू इमारतीचं छप्पर २८९ चौ.मी. लिहिलंय. शेजारी कौलं बदलली तेव्हाचं मिस्त्रीचं बिल आहे, त्यात ३०२ चौ.मी. एकाच छपराचे दोन आकडे. आधी हे सोडवू.

१४ एप्रिल

टेप घेऊन शाळेत. सकाळची शाळा असल्यामुळे साडेअकरानंतर आवार मोकळं. शिपाई मामांनी टेपचं एक टोक धरलं. कौलारू इमारत वळचणीच्या कडेपासून कडेपर्यंत, जमिनीवर ओळंबा सोडून: लांबी ३१.२ मी., रुंदी ८.४ मी. म्हणजे २६२ चौ.मी. वळचण भिंतीबाहेर दीड-दोन फूट येते, म्हणून भिंतीची मापं घेऊन चालत नाही. पाणी पागोळ्यांच्या रेषेपर्यंतचं मोजायचं.

मिस्त्रीचे ३०२ कुठून आले ते लगेच कळलं. त्याने उतारावरून टेप लावला होता, कौलं तेवढीच लागतात, त्याच्या जागी तो बरोबरच आहे. उतार साधारण ३० अंशांचा, त्यामुळे उतारावरचं माप आडव्या मापापेक्षा सुमारे १५ टक्के जास्त भरतं. पाऊस मात्र छपराच्या आडव्या सावलीएवढाच सापडतो. छप्पर कितीही चढं केलं तरी पाणी वाढत नाही. पत्र्याच्या बिलावरून क्षेत्रफळ घेणारे बरेच जण इथेच फसतात.

बाकीची दोन छपरं: नवी स्लॅबची इमारत १३० चौ.मी., जेवणाची पत्र्याची शेड १८ × १० म्हणजे १८० चौ.मी.

१६ एप्रिल

आता २८९चा उलगडा. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये उपग्रहाच्या चित्रावर तीच इमारत आखली. खाली जो पट लावतो तो बहुधा `EPSG:3857` या प्रक्षेपात, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवायच्या एका रीतीत, असतो, आणि त्यावर नवा थर काढला की तोही त्याच प्रक्षेपात जन्मतो. हा प्रक्षेप विषुववृत्तापासून लांब जाऊ तसतसं सगळं ताणतो. आपण १७.७ अंशांवर आहोत. इथे लांबी सुमारे ५ टक्के आणि क्षेत्रफळ १० टक्के फुगतं.

```
area($geometry)   →  289
$area             →  262
```

पहिली ओळ थराच्या प्रक्षेपातलं सपाट क्षेत्रफळ देते, दुसरी प्रकल्पात निवडलेल्या पृथ्वीच्या लंबगोलावरून काढते. दोन्ही सूत्रं क्षेत्रफळाचीच, म्हणून कोणाला शंका येत नाही. सगळे थर `EPSG:32643` मध्ये बदलून घेतले. माण तालुका त्या पट्ट्यात बसतो, तिथे दोन्ही आकडे जवळजवळ सारखे येतात. ओळखायची खूण सोपी आहे: जागेवर टेपने मोजलेली एक लांब बाजू नकाशावर मोजायची. ३१.२ मीटरची बाजू ३२.७ दाखवली की समजायचं.

आखताना आणखी एक गोष्ट. चित्रात प्रत्येक ठिपका जमिनीवरचा अर्धा मीटर असेल, तर रेघ अर्धा ठिपका बाहेर गेली तरी या इमारतीचं क्षेत्रफळ २० चौ.मी.ने वाढतं. लांबुळक्या, अरुंद छपरांना हे जास्त भोवतं, कारण क्षेत्रफळाच्या मानाने कड मोठी. आणि कड नेमकी कुठे, हे सावलीमुळे कळत नाही. आपल्याकडची बरीच चित्रं सकाळी साडेदहाच्या सुमारास घेतलेली असतात, त्यामुळे हिवाळ्यातल्या चित्रात सावली वायव्येला पडते आणि काळपट कौलात मिसळून जाते. त्या बाजूची रेघ मी टेपच्या मापावरून ओढली.

गावातली तीनशे घरं मोजायची असती तर टेप लावत बसलो नसतो. तीन छपरांसाठी टेप हाच खरा नकाशा.

२२ एप्रिल

पाऊस. तालुक्याची सरासरी पाचशेच्या आत-बाहेर सांगतात, पण आपलं मंडळ पूर्वेकडचं, आणखी कोरडं. साताऱ्याच्या जिल्हा सरासरीला तर हातही लावायचा नाही, त्यात महाबळेश्वर बसलंय.

मंडळाच्या पर्जन्यमापकाची १९ वर्षांची नोंद हाताशी आहे. सरासरी ४५० मिमीच्या जवळ येते. पण सरासरीवर टाकी बांधली तर साधारण निम्म्या वर्षी ती फसणार. म्हणून वर्षं उतरत्या क्रमाने लावली आणि पंधरावं घेतलं: १५ भागिले (१९ + १), म्हणजे ७५ टक्के. चारातल्या तीन वर्षी निदान एवढा पाऊस होतो. तो आकडा ३४० मिमी. पुढचा सगळा हिशेब ३४०वर.

दुसरी गोष्ट या नोंदीत डोळ्यांवर येते. जून-जुलैत नुसती भुरभुर, आणि खरा पाऊस उत्तरा-हस्तात. माणदेशातल्या कोणालाही विचारा, तेच सांगेल. टाकीसाठी ही गैरसोयीची गोष्ट आहे: शाळा सुरू होते तेव्हा टाकी तळाला, आणि सप्टेंबरात एकदम भरून वाहणार.

२४ एप्रिल

छपरांचे गुणांक. केंद्रीय भूजल मंडळाच्या पुस्तिकेत आणि इतरत्रही फिरणारा तक्ता कौलांना ०.८ ते ०.९ आणि पन्हळी पत्र्याला ०.७ ते ०.९ देतो. आपली कौलं जुनी, शेवाळलेली, काही तडकलेली. पहिल्या सरीचं पाणी ती पिऊन टाकतात. म्हणून कौलाला ०.७५. स्लॅबला उतार नीट नाही, मधे डबकी साचतात, तिलाही ०.७५. पत्रा चांगला आहे, ०.८५.

२६२ × ०.७५ + १३० × ०.७५ + १८० × ०.८५ = ४४७. हे झालं "परिणामी" क्षेत्रफळ. गुणिले ३४० म्हणजे सुमारे १ लाख ५२ हजार लिटर.

हा आकडा बाईंना सांगितला असता तर त्या खूष झाल्या असत्या. पण कौलारू इमारतीच्या मागे जाऊन पाहिलं. मागचा अर्धा उतार शेजारच्या मळ्यात गळतो. वळचण आणि कुंपणाची भिंत यात हात घालायलाही जागा नाही, पन्हळ बसवायची तर पलीकडच्या जमिनीत पाय रोवावा लागेल. मळ्याचे मालक म्हणाले, "त्या पाण्यावर माझी दोन नारळं जगत्यात. पन्हाळी लावली तर त्यांनी काय प्यायचं?"

मुद्दा बरोबर आहे. आढ्यापलीकडचे १३१ चौ.मी. वजा केले. उरलं परिणामी क्षेत्रफळ ३४९, आणि पाणी १ लाख १९ हजार लिटर. नकाशावर छप्पर एक चौकोन दिसतो. पाणी कुठल्या बाजूला पडतं हे आढ्याची रेघ आखल्याशिवाय कळत नाही. यापुढे प्रत्येक उतार वेगळा बहुभुज म्हणून आखायचा आणि त्याच्या तक्त्यात "पन्हळ लागू शकते का" असा रकाना ठेवायचा.

३० एप्रिल

टाकीचा रोजचा हिशेब. वर्षाचं पाणी भागिले वर्षाची गरज असं करून भागत नाही, कारण पाणी येतं चार-सहा दिवसांत आणि लागतं रोज. गरज: २२० मुलं, प्रत्येकी ५ लिटर (पिणं, हात धुणं, स्वयंपाक), म्हणजे रोज ११०० लिटर. सुट्टीच्या दिवशी शून्य.

```
=MAX(0, MIN($H$1, D2 + B3*$H$2 - C3))
```

`B` मध्ये त्या दिवसाचा पाऊस, `C` मध्ये गरज, `D` मध्ये टाकीतलं पाणी, `H1` टाकीची क्षमता, `H2` म्हणजे आपले ३४९. ३४० मिमीच्या जवळच्या एका वर्षाचा रोजचा पाऊस त्यात भरला.

शाळेची सध्याची टाकी २० हजार लिटरची. एका दिवसात ६० मिमी पडला तर छपरांवरून २१ हजार लिटर येतात. टाकी आधीच रिकामी असती तरी त्या एका दिवशी ती जवळपास काठोकाठ भरली असती, आणि सप्टेंबरात ती रिकामी नसतेच. वर्षाचं जवळपास तिसरा हिस्सा पाणी असं वाहून गेलं. शेवटच्या पावसाला भरलेली टाकी शाळेचे १८ दिवस पुरते. ५० हजारांची असेल तर ४५ दिवस, म्हणजे दिवाळीची सुट्टी धरून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत. त्यापुढे टाकी वाढवून फार हाती लागत नाही, कारण ३४० मिमीच्या वर्षात ती भरतच नाही.

म्हणजे छपराच्या पाण्याने टँकर बंद होणार नाही, तो उशिरा येईल. बाईंना हे आजच सांगितलं. "निदान पावसाळ्यात तरी त्याची वाट बघायला नको," एवढंच त्या म्हणाल्या.

८ मे

माळ. शेततळ्याच्या वर जे पाणलोट दिसतं ते गाववाल्यांच्या मते "सगळा डोंगर". नकाशावर आधी फुकट मिळणाऱ्या ३० मीटरच्या उंची-नकाशावरून काढून पाहिलं. आलं २.६ हेक्टर. पण २.६ हेक्टर म्हणजे त्या नकाशातले जेमतेम २९ ठिपके. त्यात हातभर उंचीचा बांध, गाडीवाट, चर यांपैकी काहीच दिसत नाही, आणि माळावरचं पाणी याच गोष्टींना मानतं.

११ मे

काल संध्याकाळी वळीव झाला. सकाळी लगेच माळावर गेलो, कारण वळवाच्या खुणा एक-दोन दिवसच ताज्या राहतात.

माळाच्या मधोमध नवा खडीचा रस्ता गेलाय आणि त्याच्या वरच्या अंगाला चर आहे. चरात ताजी वाळू बसलेली, तिच्यावर पाण्याच्या बारीक लाटा उमटलेल्या. चराच्या काठाला बाभळीच्या शेंगा, बकऱ्यांच्या लेंड्या आणि काडीकचरा एका रेषेत अडकलेला. रेषेची उंची चराच्या तळापासून वीतभर. म्हणजे रस्त्याच्या वरचं सगळं पाणी चरातून पश्चिमेला जाऊन ओढ्याला मिळालं. रस्त्याच्या खाली, शेततळ्याच्या बाजूला, ओघळी कोरड्याच वाटत होत्या. मोरीचा पाइप आहे, पण त्याचं तोंड मुरमाने निम्मं बुजलंय.

फोनवर माग चालू ठेवून खालच्या भागाची कड पायी फिरलो. शंका आली तिथे बाटलीतलं पाणी ओतून कुठे पळतं ते पाहिलं. आलं १.७ हेक्टर. डोंगरातले ०.९ हेक्टर रस्त्याने पळवले.

मोरी मोकळी केली तर ते पाणी परत मिळेल, पण मग त्याच्याबरोबर रस्त्याचा गाळही तळ्यात येईल. ते ग्रामपंचायतीने ठरवायचं. हिशेब १.७वरच ठेवतो.

१७ मे

आता या कामातला सगळ्यात अवघड आकडा. त्याच तक्त्यात उताराच्या उघड्या जमिनीला ० ते ०.३ असा गुणांक दिलाय. लोक ०.३ उचलतात. १७,००० चौ.मी. × ३४० मिमी × ०.३ म्हणजे १७३४ घनमीटर, सव्वासतरा लाख लिटरच्या वर. अहवालात फार छान दिसतं.

पण जलसंधारणाच्या कामांत आपल्याकडे वर्षानुवर्षं स्ट्रेंजचा तक्ता वापरतात. तो याच बाजूच्या, म्हणजे जुन्या मुंबई इलाख्यातल्या, तलावांच्या पाणलोटांवरून बांधलेला. त्यात ३४० मिमी पावसाला मध्यम पाणलोटातून साडेपाच-सहा टक्केच अपधाव येतो. त्या हिशेबाने ३५० घनमीटरसुद्धा नाही. एकाच माळाचे दोन आकडे, आणि त्यात पाचपट फरक. छपराच्या रेघेत अर्ध्या ठिपक्यासाठी मान मोडेपर्यंत बसलो होतो, त्याची इथे गंमत वाटते.

हा फरक येतो कारण जमिनीला एक ठरावीक गुणांक नसतोच. पत्रा प्रत्येक सरीचं पाणी देतो. जमीन आधी स्वतः पिते आणि उरलं तर देते. रोजच्या पावसावरून अपधाव काढायची वक्रांक पद्धत लावून पाहिली. मुरमाड, विरळ गवताच्या माळाला वक्रांक ८० धरला. त्यातून जमिनीची साठवण ६३.५ मिमी निघते, आणि तिचा पाचवा हिस्सा, १२.७ मिमी, सुरुवातीलाच जिरतो असं मानलं.

१५ मिमीचा दिवस: अपधाव ०.०८ मिमी. म्हणजे काहीच नाही.
६० मिमीचा दिवस: अपधाव २०.२ मिमी. तिसरा हिस्सा.

पंधराचे चार दिवस आणि साठचा एक, दोन्हीकडे पाऊस तेवढाच. पहिल्यात तळ्यात ५-६ घनमीटर, दुसऱ्यात ३४०. माणच्या भुरभुरीत वर्षभराची बेरीज कितीही झाली तरी तळं कोरडं का राहतं, ते एवढ्यावरून दिसतं.

आता जुळवून बघू. ३४० मिमीच्या वर्षात असा मोठा दिवस एकच आला तर अपधाव सुमारे ६ टक्के. दोन आले तर १२. स्ट्रेंजचा आकडा एका दिवसाच्या जवळ बसतो. त्याचा तक्ता मोठ्या पाणलोटांचा, वाटेत पाणी मुरायला जागा असलेल्या. आपला माळ लहान आणि उघडा, म्हणून थोडं जास्त येईल असं मला वाटतं. अहवालात एक आकडा लिहायचा नाही, "३४० ते ६८० घनमीटर, एक मोठा दिवस की दोन यावर" असं लिहायचं. ०.३ फक्त तळ्याचा सांडवा ठरवताना वापरायचा, तिथे जास्त पाणी धरलेलं सोयीचं.

१२ जून

शेडच्या पत्र्याला पन्हळ लागली, तेवढंच एक छप्पर सध्या टाकीला जोडलंय. पाइपाच्या उभ्या तुकड्यात पहिलं घाण पाणी धरून ठेवायची सोय आहे, १८० लिटरची. म्हणजे १८० चौ.मी.वर पहिला एक मिलिमीटर.

काल रात्री पाऊस. आवारातल्या मापकात १२ मिमी. मामांनी काल सांगितल्याप्रमाणे टाकीत काठी बुडवून पाऊस येण्याआधीची खूण करून ठेवली होती. सकाळी पाणी २२ सें.मी. चढलेलं. टाकीचा तळ ३ × २.५ मी. म्हणजे ७.५ चौ.मी., तर आलेलं पाणी १६५० लिटर. पडलेलं २१६०. गुणांक ०.७६.

आपण ०.८५ धरला होता. पण बाजूला काढलेले १८० लिटर मिळवले तर १८३० होतात, आणि गुणांक बरोबर ०.८५. म्हणजे पुस्तकातला आकडा पत्र्यावरून निघणाऱ्या पाण्याचा आहे, टाकीत पोचणाऱ्या नाही. उलटही होतं: काही पुस्तकांतला गुणांक पहिलं पाणी आधीच वजा करून दिलेला असतो, आणि लोक ते पुन्हा वजा करतात. पावसाचे तीस दिवस आणि दर वेळी एक मिमी, म्हणजे ३४० पैकी ३० मिमी. दोनदा कापले तर कुठल्या कुठे जातं. तक्त्यात आता दोन वेगळे रकाने केले: गुणांक, आणि त्यानंतर दर पावसाला सोडलेलं पाणी.

२० जून

मोठा पाऊस, ४५ मिमी, तासाभरात बहुतेक सगळा. पत्र्यावर पडलं ८१०० लिटर. टाकी ८२ सें.मी. चढली, म्हणजे ६१५० लिटर. गुणांक पुन्हा ०.७६.

आकडा तोच, म्हणून कोणी खूष होईल. पण हे जमत नाही. सोडलेलं पाणी आणि पत्रा ओला होण्यातलं नुकसान प्रत्येक पावसात साधारण तेवढंच राहतं, त्यामुळे मोठ्या पावसात गुणांक चढायला हवा, ०.९च्या पुढे. दीडेक हजार लिटर कुठेतरी गेलेत.

शेडला फेरी मारली. पूर्वेच्या कोपऱ्याखाली माती धुपून बादलीएवढा खड्डा पडलाय, खडे उघडे, आणि भिंतीवर गुडघ्यापर्यंत चिखलाचे ताजे शिंतोडे. बाकी तीन कोपरे स्वच्छ. पन्हळीचा उतार त्या कोपऱ्याकडे आहे आणि खाली उतरणारा पाइप दुसऱ्या टोकाला. हलक्या पावसात पाणी साचून हळूहळू पाइपापर्यंत पोचतं, जोराच्या सरीत कोपऱ्यावरून उडी मारतं. १२ मिमीच्या पावसात हे दिसलं नसतं.

सुताराला उद्या बोलावलंय: कोपऱ्याजवळ पन्हळ धरणारे दोन हूक बोटभर वर घ्यायचे आणि तिथेही एक पाइप उतरवायचा. स्लॅब आणि कौलाची पुढची बाजू जोडायचं काम त्यानंतर. शेततळ्यात मीटरची पट्टी रोवून झाली आहे, तळ अजून कोरडा. मामा रोज सकाळी आठला मापक आणि पट्टी दोन्ही वाचून वहीत लिहिणार आहेत.